शून्यात सुटलेल्या सौद्यांचा हिशेब

म्हापशात माझं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. सकाळच्या वेळेत, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, मी इंट्राडे करतो, म्हणजे शेअर घ्यायचा आणि त्याच दिवशी विकून मोकळं व्हायचं. एका दिवशी एक-दोन सौदे, शेअर तेच ठरलेले पाच-सहा. आदल्या तासाचा हाय, म्हणजे सर्वांत वरचा भाव, तुटला की घ्यायचं, खाली ज्या भावाला तोटा सोसून आपोआप बाहेर पडायचं तो स्टॉप लावायचा आणि जोखमीच्या दुप्पट टार्गेट ठेवायचं. चवथीच्या आधीच्या महिन्यात सौदे बरोबर दिशेने जाऊनही खात्यात काही उरत नव्हतं, म्हणून पूर्ण महिना उलगडून बघायचं ठरवलं.

संशय आधीपासून एकावरच होता. भाव खाली येताना स्टॉप आणखी खाली सरकवायचा. ही सवय मला आहे, आणि असे सौदे लक्षात राहतात कारण ते झोंबतात. पण ते तपासायला गेलो तर पहिल्याच पायरीला अडलो. ट्रेडबुकमध्ये फक्त झालेले सौदे येतात, किती वाजता आणि काय भावाने. स्टॉप मधे कधी, कुठून कुठे हलवला, याचा तिथे मागमूस नसतो. कॉन्ट्रॅक्ट नोटमध्येही नसतो. ऑर्डर बुकमध्ये तो असतो, पण माझ्या ॲपवर ती रोजच्या रोज साफ होते. सुदैवाने घेण्याआधी एंट्री, स्टॉप आणि टार्गेट बिलबुकाच्या मागच्या पानावर खरडायची मला सवय आहे. त्यामुळे ठरलेला स्टॉप वहीत आणि झालेली एक्झिट ट्रेडबुकात, असं जोडून पाहता आलं. दोन्ही जुळत नाहीत तिथे मधे माझा हात फिरलाय, एवढं नक्की.

रुपयांत बघितलं तर काही कळत नाही, कारण प्रत्येक सौद्यात शेअरची संख्या वेगळी. म्हणून एंट्रीपासून ठरलेल्या स्टॉपपर्यंतची जोखीम म्हणजे एक आर, असं धरलं. माझ्याकडे तो बहुतेक हजार रुपयांचा असतो. प्रत्येक सौद्यासमोर नफा-तोटा आरमध्ये लिहिला. मग स्टॉप खाली सरकवलेले सौदे शोधले. निघाले दोनच. एकात दीड आर गेला, दुसऱ्यात थोडा अधिक. दोन्ही मिळून ठरलेल्यापेक्षा जास्तीचं नुकसान एक आरच्या आसपास. बोचणारं खरं, पण महिना खाण्याइतकं नाही.

मी वही मिटायच्या बेतात होतो. भाचा फोंड्याहून आला होता, तो म्हणाला, ‘‘मामा, हे शून्याचे सगळे बाजूला का काढलेत?’’

शून्याचे म्हणजे कॉस्टला, घेतलेल्याच भावाला सुटलेले. सौदा थोडा फायद्यात आला की स्टॉप एंट्रीच्या भावाला आणायचा, मग पैसे जात नाहीत, ही शिस्त मी अभिमानाने पाळत होतो. असे अकरा सौदे होते. त्यांत काही गेलं नाही, म्हणून बघण्यासारखंही काही नाही, असं मी धरून चाललो होतो. तसं ते शून्यही नव्हतं. लाखभराच्या सौद्याला दोन्ही बाजूंची दलाली, विक्रीवरचा एसटीटी, जीएसटी वगैरे धरून ऐंशी-पंच्याऐंशी रुपये जातात. अकरांचे झाले नऊशेवर.

त्यातला एक सौदा उलगडून सांगतो. एका बँकेचा शेअर 842 ला घेतला, स्टॉप 834, टार्गेट 858, संख्या 125. भाव 848 च्या वर गेला आणि मी स्टॉप 842 ला आणला. थोड्या वेळाने भाव 841 च्या घरात उतरला, मी बाहेर. तिथून तो 838 पर्यंत गेला, वळला आणि दुपारी 858 ला लागला. वहीतल्या मूळ स्टॉपला त्याने हातही लावला नव्हता.

एकावरून काही ठरत नाही, आणि चार्ट समोर असला की ‘हे चाललंच असतं’ असं वाटायला वेळ लागत नाही. म्हणून बघण्याआधी नियम लिहिला: सुटल्यानंतर पाच मिनिटांच्या चार्टवर आधी काय लागलं, मूळ स्टॉप की टार्गेट? एकाच कँडलमध्ये, म्हणजे त्याच पाच मिनिटांत, दोन्ही लागले तर स्टॉप लागला असं धरायचं. काहीच लागलं नाही तर सव्वातीनचा भाव. हा नियम अकराही सौद्यांना लावायचा, मनाला पटतील तेवढ्यांनाच नाही.

पाच टार्गेटला गेले असते, म्हणजे दहा आर आले असते. चार मूळ स्टॉपला, म्हणजे चार आर गेले असते. उरलेले दोन दिवसअखेर मिळून अर्धा आर. एकूण साडेसहा आर, माझ्या हिशेबाने साडेसहा हजार. त्या चार सौद्यांत कॉस्टच्या स्टॉपने मला खरंच वाचवलं होतं, हेही तितकंच खरं. म्हणून तर सवय लागते. वाचलेले हजार दिसतात, आणि सुटल्यावर भाव कुठे गेला हे कोण बघतो?

असं का होत होतं, ते चार्ट एकाखाली एक लावल्यावर दिसलं. मी हाय तुटल्यावर घेतो. तुटलेल्या पातळीला भाव एकदा परत येऊन टेकतो, ही ब्रेकआउटची नेहमीची चाल. माझी एंट्री बरोबर त्या पातळीवर, आणि कॉस्टला आणलेला स्टॉपही तिथेच. म्हणजे सौदा बिघडल्याची खूण नसलेल्या जागी मी दार लावून घेत होतो. मूळ स्टॉप मागच्या लोच्या, म्हणजे भाव जिथून वर वळला होता त्या तळाच्या, खाली असायचा, त्याला अर्थ होता. 842 या आकड्याला माझ्या वहीबाहेर काही अर्थ नव्हता.

वाराचा रकाना भाच्याने जोडला. अकरातले सहा शुक्रवारचे. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा, साडेदहानंतर दुकानात पाय ठेवायला जागा नसते, त्यात चवथीआधीची रंगरंगोटी. गिऱ्हाईक डबा हलवून घ्यायला थांबलेलं आणि हातात फोन. स्टॉप कॉस्टला टाकला की मन मोकळं. भावात काही बदल झालेला नव्हता, गर्दी वाढली होती.

तरी एका महिन्यावर विसंबायला मन तयार नव्हतं, कारण त्या महिन्यात बाजार बऱ्यापैकी एका दिशेने चालला होता. आधीच्या महिन्याची पानं काढली. तेव्हा भाव घोळत होते. असे नऊ सौदे: तीन टार्गेटला, पाच स्टॉपला, एक जिथल्या तिथे. निव्वळ एक आर. म्हणजे घोळत्या बाजारात माझी सवय जवळपास निरुपद्रवी, चालत्या बाजारात महागडी. साडेसहाचा आकडा दर महिन्याला मिळेल असं मी धरलेलं नाही.

सध्या नियम असा आहे: पातळीला टेकून भाव पुन्हा वर वळला आणि एंट्रीच्या वर नवा लो तयार झाला, तरच स्टॉप त्या लोच्या खाली आणायचा, नाही तर मूळ जागी. शुक्रवारी नवा सौदा नाही. आणि साडेतीनला, ऑर्डर बुक साफ व्हायच्या आत, तिचा स्क्रीनशॉट काढून भाच्याला पाठवायचा. स्टॉप कितीला होता आणि कितीला नेला, ते त्यात असतं. परवा त्याने एकावर विचारलं, ‘‘मामा, हा 11:20 ला कशाला हलवलात?’’ वीज गेली होती, राउटर बंद पडला होता. वहीत कारणाचा रकाना नव्हता, तो आता आखलाय.