पहिलीचा हवामान तक्ता: एका चौकटीत एकच चित्र, मग रात्रीचा पाऊस कुठे काढायचा?

लेकीच्या पहिलीच्या ऋतू तक्त्याचं काम यंदा वर्षभर चाललं, पावसाळ्यात जुलै, हिवाळ्यात डिसेंबर आणि उन्हाळ्यात मार्च असे तीन भाग आणि प्रत्येक भागात रोजची एक चौकट. कार्डशीट, स्केचपेन, छत्री-स्वेटर-आंब्याची चित्रं कापून चिकटवणं हे सगळं मजेत झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मला लिहायचंय ते त्या जुलैच्या चौकटींबद्दल, कारण त्यावरून शाळेशी माझी जी खडाजंगी झाली तिचा राग अजून पूर्ण उतरलेला नाहीये.

शाळेतून आलेल्या कागदावर वर तारीख, खाली रिकामी चौकट आणि शेजारी चार चिन्हं, सूर्य, ढग, पाऊस, वारा. वर लिहिलेलं "आजचे हवामान". आता पुण्यातला जुलैचा कुठलाही दिवस घ्या. रात्री बदाबदा कोसळला, सकाळी उठलो तर नुसतं ढगाळ, मधल्या सुट्टीत लख्ख ऊन, घरी येताना परत भुरभुर. लेक विचारते आई काय काढू? तिला चारही गोष्टी दिसल्यात आणि चौकट एक. मी म्हटलं आपण चौकटीचे तीन भाग करू, सकाळ दुपार संध्याकाळ, आणि तिने इतकं छान केलं की काय सांगू, दुपारच्या भागात ढगाच्या मागून डोकावणारा सूर्य वगैरे. दुसऱ्या आठवड्यात तक्ता परत आला, लाल पेनाने "एका चौकटीत एकच चित्र" आणि पुन्हा करून आणा. पोरगी रडायला लागली, कारण तिने काढलेलं सगळं खरं होतं.

मी शाळा सुटताना बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, "ताई, महिन्याच्या शेवटी आम्ही चित्रं मोजून घेतो, ऊन किती, ढग किती, पाऊस किती. एका चौकटीत तीन चित्रं असली तर मुलं मोजणार कशी?" हे मला पटलं, मोजायचं असेल तर एका दिवसाला एकच खूण पाहिजे. पण मग मी त्यांना भिंतीवरचे बाकीचे तक्ते दाखवले. एकाच मंगळवारी एकाच्या चौकटीत सूर्य, शेजारच्याच्या चौकटीत पाऊस, तिसऱ्याच्यात ढग, कारण कुणी सकाळी दप्तर भरताना भरलंय आणि कुणी रात्री जेवून झाल्यावर. असं असेल तर पाऊस किती हे मोजून तरी काय कळणार? खरी चूक चौकटीत नव्हतीच, कागदावर कुठेही वेळ लिहिलेली नव्हती ही चूक होती, आणि ती झाकायला लहान मुलांना पांढरा कागद चिकटवून परत काढायला लावणं मला अजिबात आवडलं नाही.

हवामान खातं काय करतं ते मला माहीत होतं म्हणून तेच सुचवलं. त्यांच्याकडे पाऊस रोज सकाळी ८.३० ला मोजतात आणि मागच्या २४ तासांत जेवढा पडला तो त्या दिवसाच्या नावावर लिहितात. म्हणजे काल दुपारी पडलेला पाऊससुद्धा आजच्या आकड्यात येतो, पण कुठलाच पाऊस सुटत नाही आणि दोनदा मोजलाही जात नाही. तर आपणही तसंच करू, परिपाठ झाला की सगळ्या मुलांनी एकदम खिडकीतून बघायचं आणि त्या क्षणी जे दिसतं ते एकच चित्र चौकटीत काढायचं. रात्रीच्या, दुपारच्या पावसासाठी चौकटीच्या खाली एक बारीक पट्टी, तिचा हिशोब उघड्यावर ठेवलेली पाऊस मोजायची बाटली ठेवेल. बाई थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या करून बघू. त्यांनी केलं आणि मनापासून केलं, हेही लिहायला पाहिजे.

बाटलीचं सांगते कारण तिथेच बऱ्याच जणांचं फसतं. सरळ अंगाची पाण्याची प्लॅस्टिक बाटली घ्या, मध्ये कमरेला आत गेलेली नको. वरचा निमुळता भाग कापून तोंड खाली करून नरसाळ्यासारखा परत आत बसवा. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो म्हणून तळाशी खडे घाला, त्यांनी बाटली वाऱ्यात पडतही नाही, आणि खडे बुडून सरळ भाग सुरू होईल तिथपर्यंत पाणी भरून तिथे रेघ मारा. ती रेघ म्हणजे शून्य. रोज मोजून झालं की पाणी परत त्या रेघेवर आणायचं, जास्त असेल तर ओतायचं आणि ऊन पडून कमी झालं असेल तर भरायचं. झाडाखाली किंवा पागोळ्या पडतात तिथे ठेवली तर आकडा भलताच येतो, मोकळ्या गच्चीत किंवा मैदानात मधोमध ठेवा.

पहिलीच्या पोरांना मिलिमीटर कळत नाही, त्यामुळे आमच्या बाईंनी बोटं लावायला सांगितली. रेघेच्या वर पाणी आलं ते अर्धं बोट, एक बोट, दोन बोटं, आणि पट्टीत तेवढ्या निळ्या रेघा. बोट एकाच मुलाचं हवं हां, नाहीतर परत भांडणं. खात्याच्या हिशोबात २.५ मिलिमीटरच्या खाली पाऊस असेल तर तो पावसाचा दिवस धरत नाहीत, आम्ही तेवढ्याला शिंतोडे म्हणून नुसता निळा ठिपका ठेवला. एका गुरुवारी परिपाठाला ऊन होतं म्हणून सगळ्यांनी सूर्य काढला आणि दुपारी धो धो कोसळला. शुक्रवारी चौकटीत ढग आला आणि पट्टीत एक बोट, तेव्हा माझी लेक बाईंना म्हणाली की हा कालचा पाऊस आहे, तो बाटलीत झोपला होता. मला तेव्हा फार बरं वाटलं.

हिवाळ्यात वेगळाच घोळ, सगळ्या चौकटींत सूर्यच सूर्य, आणि मार्चमध्येही तेच. तक्ता बघून दोन ऋतूंतला फरक कळेचना. तिथे सावली कामाला आली. पुण्यात सूर्य दुपारी साधारण साडेबाराला सगळ्यात वर असतो, त्या वेळी डिसेंबरच्या शेवटी लेकीची सावली जवळजवळ तिच्याच उंचीची पडली आणि मार्चच्या शेवटी जेमतेम फूटभर. खडूने गच्चीवर दोन्ही रेघा मारल्या, सुतळीने मापल्या आणि सुतळीचे तुकडेच तक्त्यावर चिकटवले. मे महिन्यात १३-१४ तारखेच्या आसपास पुण्यात भरदुपारी सावली अगदी पायाखाली जाते, शाळेला सुट्टी असली तरी ते तेवढं मुलांना दाखवाच. सकाळी गाडीच्या सीटवर दव आहे का हीसुद्धा हिवाळ्याची चांगली खूण, बोट फिरवून बघायचं आणि चौकटीच्या कोपऱ्यात ठिपका.

ऑक्टोबरची मात्र तक्त्यात सोयच नाही, पाऊस गेलेला, थंडी आलेली नाही आणि घाम उन्हाळ्यासारखा. पोरं विचारतात हा कुठला ऋतू. शाळेने दोन-चार चौकटी त्या महिन्यालाही द्यायला हव्या होत्या, मी घरच्या कागदावर दिल्या.

आणि एक राहिलंच, रविवार. शाळा बंद म्हणून बाटली कुणी बघत नाही, सोमवारी जे पाणी असतं ते दोन दिवसांचं. ते सगळं सोमवारच्या नावावर टाकू नका, रविवार आणि सोमवारच्या पट्ट्या एका कंसाने जोडा आणि बोटं त्या कंसावर लिहा.