राजमा मऊ झाला होता, पण उकळलाच नव्हता

लीड्सला आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात माझ्या कुकरची रिंग गेली. भारतातून नवी यायला महिना लागणार होता. घरात स्लो कुकर होता, म्हणजे विजेवर मंद शिजवणारं मातीचं भांडं. शनिवारी रात्री दोन वाट्या लाल राजमा भिजत घातला. रविवारी पहाटे तो भिजवलेल्या पाण्यासकट त्या भांड्यात ओतला, वर कांदा, टोमॅटो, मसाला घातला आणि बटण ‘लो’वर ठेवलं. आठ तासांनी घरभर वास सुटला होता. दाणा चमच्याने दाबला तर दबत होता, फक्त मधे जरा खडूसारखा भाग लागत होता. मला वाटलं, असतो एखादा दाणा कडक.

दुपारी दोनला जेवलो. मी भरपूर खाल्लं, नवऱ्याने वाटीभर. चारच्या आत मला मळमळायला लागलं आणि मग उलट्या सुरू झाल्या. इतक्या जोराच्या उलट्या मला आयुष्यात कधी झाल्या नव्हत्या. नंतर जुलाब आणि पोटात पिळवटून कळा. नवऱ्यालाही उलट्या झाल्या, पण कमी. ताप दोघांनाही नव्हता. नाशिकला ताईला फोन लावला, ती आहारतज्ज्ञ आहे. मी म्हटलं, "मसाला शिळा असेल." तिने एकच प्रश्न विचारला, "अगं, त्या राजम्याला उकळी आली होती का?"

आली नव्हती. आठ तासांत एकदाही बुडबुडे आले नव्हते.

तिने सांगितलं ते असं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. ते लेक्टिन गटातलं. आपल्या पाचकरसांनी ते सहज तुटत नाही, आतड्याच्या अस्तराच्या पेशींना जाऊन चिकटतं आणि आतडं बिथरतं. लाल राजम्यात ते सगळ्यात जास्त असतं. चार-पाच कच्चे दाणेही माणसाला आजारी पाडायला पुरतात. त्रास बहुतेकदा एक ते तीन तासांत सुरू होतो आणि सुरू झाल्यावर तीन-चार तासांत ओसरतो. आमचं घड्याळ अगदी तसंच चाललं. ताईने घोटघोट ओआरएस प्यायला लावलं, आणि पाणीही पोटात टिकेना किंवा रक्त दिसलं तर थेट दवाखान्यात जायचं असं बजावलं. रात्री आठला मी उठून बसले.

मला सगळ्यात धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. हे प्रथिन मोडायला पाणी खळखळ उकळावं लागतं. 80 अंशांच्या आसपास राजमा नुसता ठेवला तर विषारीपणा कमी व्हायच्या ऐवजी कच्च्या दाण्यापेक्षाही वाढू शकतो, पाचपटीपर्यंत. पुढच्या आठवड्यात मी त्याच भांड्यात नुसतं पाणी ‘लो’वर ठेवून थर्मामीटर बुडवला. चार तासांनी 79 अंश. म्हणजे दाणा मऊ करण्याइतकी ऊब होती, विष मोडण्याइतकी नव्हती. राजमा मऊ झाला की शिजला, हा माझा हिशेबच चुकीचा होता.

मग त्याच पिशवीतला राजमा पुन्हा केला. रात्री भरपूर पाण्यात भिजवला. ताई म्हणाली होती की निदान पाच तास तरी हवेतच. भिजवल्याने पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचतं आणि उष्णताही मग आतपर्यंत सारखी जाते. पण नुसतं भिजवून विष जात नाही. सकाळी ते पाणी ओतून दिलं, दाणे धुतले आणि ताज्या पाण्यात मोठ्या आचेवर ठेवले. पहिली खळखळ उकळी आल्यावर घड्याळ लावलं, भांडं गॅसवर चढवल्यापासून नाही. इंग्लंडमध्ये दहा मिनिटं जोरात उकळून पुढे शिजवा असं सांगतात, अमेरिकेत तीस मिनिटं. मी तीस धरली. तेही पाणी फेकलं, आणि मग मंद आचेवर पाऊण तास, दाणा अंगठ्याखाली लोण्यासारखा चिरडेपर्यंत. खडूसारखा गाभा कुठेच राहिला नव्हता. दोघांनी पोटभर खाल्ला, काही झालं नाही.

आपल्याकडे ही भानगड फारशी ऐकू येत नाही, कारण राजमा कुकरमध्ये जातो आणि तिथलं तापमान शंभरच्या वर, 120च्या आसपास पोचतं. डब्यातला राजमाही कारखान्यात असाच शिजवलेला असतो. मला काळजी वाटते ती मोडांची. मूग-मटकी आपण मोड आणून कच्ची खातो, तसा राजमा कधीही खाऊ नये, सॅलडमध्येसुद्धा. आमच्या साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा याच जातीचा, त्यालाही हेच लागू. आईला मी हे मुद्दाम फोन करून सांगितलं.

कुकरची रिंग आली आहे. स्लो कुकर मी टाकला नाही, पण त्यात राजमा जातो तो आधी गॅसवर अर्धा तास खळखळून उकळल्यावरच.