लायब्ररीसाठी घोषणा बसवताना अडकलो ते एका ओळीवर

आमच्या शाळेची लायब्ररी पुन्हा उघडावी म्हणून मोर्चा ठरला आणि चालत म्हणायची घोषणा लिहायचं काम माझ्याकडे आलं. लिहून झाली पटकन. पण ऑफिसने अट घातली, घोषणा आधी दाखवा आणि त्यात आमचं हे वाक्य हवंच: 'ग्रंथालय पूर्ववत सुरू करण्यात यावे'. मग हो-नाही कळायची वाट बघत बसलो, त्याचा राग अजून गेलेला नाही.

वाक्य चूक नाही, पण ते पायात बसत नाही. चालीच्या घोषणेला चार पावलं लागतात, डावा-उजवा-डावा-उजवा, म्हणजे पुढची ओळ परत डाव्यावरच पडते. हे वाक्य पावलांवर टाकून बघा: ग्रंथा, लय, पूर्ववत, सुरू, करण्, यात, यावे. सात! पुढची ओळ उजव्यावर सुरू होते, अर्धी पोरं पाय बदलतात, अर्धी नाही, आणि रांग अडखळते. शिवाय 'पूर्ववत' एका पावलात कोंबावं लागतं, तिथे प्रत्येकजण वेगळ्या वेगाने बोलतो आणि लांबून नुसता गलका ऐकू येतो.

आमची मूळची अशी होती. एकजण म्हणतो, बाकीचे उत्तर देतात:

धूळ बसली कपाटांवर
दार उघडा!
गोष्टी आमच्या आत अडकल्या
दार उघडा!

उत्तरात दार, उघ, डा अशी तीनच पावलं भरतात, चौथं मुद्दाम रिकामं सोडलंय, कारण श्वास तिथेच घेता येतो, नाहीतर जरा वेळाने घसे बसतात. आणि शेवटी 'डा' आहे, तोंड मोठं उघडतं, आवाज लांब जातो.

बोलून पटेना तेव्हा सरांना म्हटलं, तुम्ही आमच्याबरोबर चालत म्हणून बघा. मैदानावर थोडं चालले आणि स्वतःच म्हणाले, हे बॅनरवर लिहा. सुटलो! तेव्हा वाक्य बॅनरवर आणि निवेदनात गेलं, तिथे ते शोभतंही. तुम्हाला कोणी असं वाक्य दिलं तर वाद घालू नका, सरळ चालायला लावा.

हो, एक राहिलंच, ढोलकी रांगेच्या मधोमध ठेवा, पुढे नको. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटर मागे तो ०.३ सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला शंभर पावलं धरली तर एक पाऊल ०.६ सेकंदाचं, म्हणजे शेपटाची पोरं बरोबर अर्धं पाऊल मागे पडतात आणि एकाच घोषणेच्या दोन घोषणा ऐकू येतात. ढोलकी मधे आणली की कोणीच पन्नास मीटरच्या पलीकडे राहत नाही, उशीर निम्म्यावर येतो. रांग त्याहून लांब असेल तर तुकड्या पाडा आणि प्रत्येक तुकडीला आपला ओरडणारा द्या. वेग मात्र वाढवू नका, मिनिटाला एकशेवीस पावलं कवायतीत ठीक, बोलत चालताना छोट्या पोरांना दम लागतो.