तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पंधरा दिवसांचे आत’ याचं इंग्रजी

‘थकबाकीची नोटीस मराठीत आणि देणेकरी परदेशात. इंग्रजी करताना नुसता शब्दाला शब्द ठेवला तर काय बिघडतं?’

एक नोटीस सांगते, म्हणजे कळेल. पुण्यातली एक गृहनिर्माण संस्था. वडील गेल्यावर फ्लॅट मुलाच्या नावावर झाला आणि मुलगा न्यूजर्सीत. घरात मराठी बोलतो, पण वाचायला बसला की दोन ओळींत दमतो. एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ अशी चोवीस महिन्यांची देखभाल वर्गणी थकली होती, महिना चार हजारांप्रमाणे ९६,००० रुपये. व्याज दरसाल दरशेकडा २१, सरळव्याज. तेव्हाच्या उपविधींनुसार संस्थेला जास्तीत जास्त एवढंच लावता येत होतं. प्रत्येक महिन्याच्या रकमेवर त्या त्या तारखेपासून मोजत गेलं की व्याज २१,००० होतं. त्यात नोटिशीचा खर्च ३,००० धरून एकूण १,२०,०००.

संस्थेच्या वकीलबाईंनी माझ्याकडे भाषांतराला नोटीस पाठवली ती आपल्याला तोंडपाठ असलेल्या भाषेतली. ‘सदर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांचे आत येणे रक्कम होणाऱ्या व्याजासह भरावी, कसूर केल्यास आपणाविरुद्ध कलम १५४ब-२९ अन्वये कायदेशीर कारवाई करून सदर रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल केली जाईल, याची कृपया नोंद घ्यावी.’ पुण्यातल्या माणसाला हे वाचून नक्की काय होणार ते कळतं, कारण शेजारच्या इमारतीत कोणाला तरी ते झालेलं असतं. न्यूजर्सीतल्या माणसाला त्यातलं काहीच कळणार नव्हतं, आणि इंग्रजी व्याकरण अगदी बिनचूक असतं तरी कळलं नसतं.

पहिली अडचण मुदतीची. ‘मिळाल्यापासून’ म्हणजे कधीपासून? संस्था ईमेलही करणार होती आणि टपालानेही पाठवणार होती. ईमेल त्याच दिवशी पोहोचतो, पाकिटाला अमेरिकेत जायला आठवडे लागू शकतात. मी ‘विदिन फिफ्टीन डेज ऑफ रिसीट’ लिहून मोकळी होऊ शकले असते. भाषांतर म्हणून ते बरोबरच आहे, पण मूळातली संदिग्धता मी जशीच्या तशी समुद्रापार पोहोचवली असती. बरं, ती मिटवायचा अधिकारही मला नाही. मी माझ्या मनाने तारीख घातली तर ते भाषांतर राहत नाही आणि खाली ‘हे मूळाबरहुकूम भाषांतर आहे’ अशी माझी सही असते. म्हणून अशा वेळी मी एकच करते, फोन उचलते.

‘अहो, आम्ही वीस वर्षं हे असंच लिहितोय,’ वकीलबाई म्हणाल्या. मी विचारलं, ‘पैसे कुठल्या दिवशी आले तर तुम्ही वसुलीसाठी अर्ज करणार नाही?’ त्यांनी कॅलेंडर बघून सांगितलं, ३० जून. मग त्यांनी मूळ मराठी मसुदाच बदलला: ३० जून २०२५, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ पर्यंत रक्कम संस्थेच्या खात्यात जमा झालेली असावी. इंग्रजीत मी महिना अक्षरी लिहिला. नोटिशीवरची तारीख ०५/०६/२०२५ अशी होती. आपल्याला ती पाच जून दिसते, अमेरिकेत ती सहा मे वाचतात. तशी वाचली की नोटीस महिनाभर उशिरा आल्यासारखी वाटते आणि बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. तोच प्रकार स्वल्पविरामाचा. १,२०,००० हे त्यांना टंकनाची चूक वाटते. म्हणून एकशेवीस हजारांसारखा स्वल्पविराम देऊन शेजारी रक्कम अक्षरीही लिहिली.

संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ. आणि ३० जूनला सोमवार होता. म्हणजे शनिवार-रविवार धरला तर परदेशातून पैसे पाठवणाऱ्याला गुरुवारीच हलायला हवं होतं. हे नोटिशीत बसत नाही, पण सोबतच्या पत्रात संस्थेच्या सचिवांनी दोन ओळींत लिहिलं. ‘होणाऱ्या व्याजासह’ हेही असंच अर्धवट. किती भरायचे हे त्याला कसं कळणार? विचारल्यावर ठरलं ते असं: मुदतीत १,२०,००० जमा झाले की मार्चअखेरची थकबाकी फिटली, नाहीतर १ एप्रिलपासून मूळ रकमेवर रोजचे सुमारे ५५ रुपये चढत राहतील.

दुसरी अडचण परिणामांची, आणि खरी गंमत इथे आहे. ‘जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल’ हे शब्दशः इंग्रजीत गेलं की वाचणारा म्हणतो, मी तर कुठला जमीन कर बुडवला नाही! कायद्याचा अर्थ वेगळा आहे. सरकार आपला महसूल ज्या कडक पद्धतीने वसूल करतं, तीच पद्धत इथे वापरता येते. संस्था निबंधकाकडे अर्ज करते, चौकशी होते, वसुली दाखला मिळतो, मग वसुली अधिकारी मालमत्ता जप्त करून तिचा लिलाव करू शकतो. ‘रजिस्ट्रार’ म्हटलं की अमेरिकेत विद्यापीठाचं कार्यालय डोळ्यासमोर येतं, म्हणून ‘सहकारी संस्थांचा निबंधक, राज्य सरकारचा अधिकारी’ असं एकदा उलगडून लिहावं लागलं. ‘जप्ती’साठी कायद्याचा शब्द ‘अटॅचमेंट’. तो सोडता येत नाही, पण ईमेलने आलेल्या नोटिशीत तो शब्द वाचून माणूस खाली जोडलेली फाइल शोधत बसेल. तेव्हा दाखला, जप्ती आणि लिलाव या तीन पायऱ्या सोप्या वाक्यांत मूळ मराठीतच वाढवून घेतल्या आणि मग त्यांचं इंग्रजी केलं.

उलट बाजूचा मोहही असतो. सचिवांना नोटीस ‘जरा झणझणीत’ हवी होती. ‘कायदेशीर कारवाई’साठी ‘प्रॉसिक्यूशन’ घाला म्हणाले. ते फौजदारी खटल्यासाठी वापरतात आणि वर्गणी थकवणं हा गुन्हा नाही. देणेकऱ्याने तिकडच्या वकिलाला ती ओळ दाखवली असती तर नोटिशीतल्या खऱ्या धमकीलाही त्याने हसून बाजूला ठेवलं असतं. मी नाही म्हटलं, आणि सचिव आठवडाभर रुसले.

‘कृपया नोंद घ्यावी’चं मात्र ‘प्लीज नोट’ केलं नाही. आपल्याकडे ते सरकारी कठोरपणाचं शेपूट आहे, इंग्रजीत ती ग्रंथालयाची सूचना वाटते. ते वाक्य मी थेट ‘जमा न झाल्यास संस्था अर्ज करील’ एवढ्यावर संपवलं.

मुलाने गुरुवारीच पैसे पाठवले. सोमवारी खात्यात १,१८,००० आणि काही शे रुपये आले, बाकीचे वाटेतल्या बँकांनी शुल्क म्हणून कापले होते. संस्थेने ती तफावत मान्य करायची की नाही यावर सभेत तासभर वाद झाला. तेव्हापासून माझ्याकडे अशी नोटीस आली की मी आणखी एक प्रश्न विचारते: लिहिलेली रक्कम पाठवायची आहे की खात्यात पोहोचायची आहे?