नऊ पानांचा धडा, तीन वाक्यं आणि मागची रांग

घनकचऱ्याचा धडा आठवीला शिकवून झाला आणि परिपाठात त्यावर पोस्टर दाखवायचं काम आमच्या वर्गाकडे आलं. अट एवढीच होती की संदेश तीनच असावेत आणि ते सगळ्यांना कळावेत. तीन संदेश काढायला एक तास पुरेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात दोन आठवडे गेले, आणि त्यातला बहुतेक वेळ चित्र काढण्यात नाही, शब्द बदलण्यात गेला.

पहिल्या दिवशी मुलांना पेन्सिल घेऊन धडा पुन्हा वाचायला सांगितलं. ज्या वाक्यात कोणाला तरी काही करायला सांगितलंय, तेवढंच अधोरेखित करायचं. अशी बरीच वाक्यं निघाली, पण त्यातली निम्मी नगरपालिकेने किंवा कारखान्यांनी करायची होती. ती गाळली. उरलेल्यांना एकच प्रश्न विचारला: परिपाठाला बसलेल्या तिसरीच्या मुलाच्या हातात ही वस्तू आज येते का? या प्रश्नाने यादी झटकन आटली. कुजणारा कचरा वेगळा ठेवणं, कचरा न जाळणं आणि जुने सेल कचऱ्यात न टाकणं, एवढं उरलं.

मुलांना वाईट वाटलं ते एका तक्त्याचं. कोणती वस्तू कुजायला किती वर्षं लागतात हा तक्ता त्यांना फार आवडतो, आणि प्लास्टिकच्या बाटलीसमोरचे शेकडो वर्षांचे आकडे मोठ्या अक्षरात लिहायचे होते. मी ते काढायला लावले. प्लास्टिक माणसाच्या वापरात येऊन जेमतेम शतकभराचा काळ लोटलाय, त्यामुळे बाटलीची शेकडो वर्षं कोणी मोजलेली नाहीत. ते अंदाज आहेत, आणि ऊन, जाडी, पाणी यांवर खूप बदलतात. शिवाय तो आकडा वाचून मूल बाटलीचं काय करायचं हे शिकत नाही.

पहिला संदेश आम्ही लिहिला: ‘ओला कचरा वेगळा ठेवा’. डब्यांवर हेच शब्द असतात, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही. तरी खात्री करायची म्हणून मी दुसरीतल्या पाच-सहा मुलांना बोलावलं आणि टेबलावर चार वस्तू ठेवल्या: केळ्याची ताजी साल, कडक वाळलेली पोळी, नळाखाली धुतलेली ओली प्लास्टिकची पिशवी आणि वाळकी पानं. ‘ओला कचरा कोणता?’ असं विचारल्यावर एका मुलीने साल आणि पिशवी उचलली. पोळी आणि पानं तिने बाजूला ठेवली. ‘बाई, हे तर सुकंय,’ असं ती अगदी ठामपणे म्हणाली. तिचं मराठी बरोबर होतं. आमचं वाक्य चुकलं होतं.

त्या क्षणी मला कळलं की हा शब्द वर्षानुवर्षं आम्हीच नीट न सांगता वापरतोय. कचरा ओला की सुका हे त्याला लागलेल्या पाण्यावर नाही, तो कुजतो की नाही यावर ठरतं. धड्यातला ‘जैविक विघटनशील’ हा शब्द अचूक आहे, पण लहान मुलाला तो परका आहे आणि लांबलचकही आहे. आम्ही ‘कुजतं ते वेगळं’ असं केलं. त्याच चार वस्तू घेऊन दुसऱ्या मुलांना विचारलं, तर पोळीवर थोडा वेळ थांबून त्यांनी ती बरोबर ठेवली. डब्यावरचा ‘ओला कचरा’ हा शब्द मात्र खाली बारीक ठेवला, कारण मूल शेवटी त्याच डब्यापाशी जाणार आहे.

प्रत्येक संदेशाखाली कारण हवं, आणि ते एकाच ओळीत मावणारं हवं, असं आम्ही ठरवलं होतं. कुजण्याचं कारण लिहिताना आठवीच्या मुलांचाच घोळ निघाला. त्यांच्या वहीत होतं, ‘कचरा कुजल्याने मिथेन तयार होतो.’ हे अर्धं खरं आहे. हवा मिळत असताना कचरा कुजला तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि खत होतं. कचरा डेपोवर तो दबून पडतो, आत हवा पोचत नाही, तेव्हा वेगळे सूक्ष्मजीव काम करतात आणि मिथेन बनतो. १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे दोष कुजण्यात नाही, हवा न मिळण्यात आहे. मुलांचं वाक्य तसंच छापलं असतं तर खताचा खड्डाही वाईट ठरला असता. शेवटी ओळ झाली: ‘हवेत कुजलं तर खत, दबून कुजलं तर मिथेन.’ लहानांना मिथेन कळणार नाही, पण तो बोलताना सांगता येतो.

दुसऱ्या संदेशाचं चित्र फसलं. ‘कचरा जाळू नका’ असं लिहून एका मुलाने पेटलेला पाल्याचा ढीग इतका सुंदर रंगवला की तो पुसायला सांगताना माझा जीव खाली-वर झाला. ढिगावर लाल फुली होती, पण केशरी ज्वाळांवर ती हरवत होती. पहिलीतल्या एका मुलाने लांबून पाहिलं आणि आनंदाने ‘शेकोटी!’ म्हणाला. लांबून आधी चित्र दिसतं आणि शब्द नंतर वाचले जातात. ज्याला वाचताच येत नाही त्याच्यापर्यंत ‘नका’ पोचतच नाही. म्हणून जे करायला नको त्याचं चित्र काढायचंच नाही असं ठरलं. आता चित्रात एक मुलगी टोपलीतला पाला खड्ड्यात ओततेय आणि वर लिहिलंय, ‘पाला जाळू नका, खड्ड्यात टाका’. फुली काढून टाकण्याचं आणखी एक कारण होतं. लाल आणि हिरवा रंग वेगळे न दिसणारी मुलं शाळेत असू शकतात, आणि त्यांना लाल-हिरव्यातला फरक आकारानेच सांगावा लागतो.

इथलं कारणही आम्ही अरुंद केलं. प्लास्टिक जाळल्यावर, विशेषतः क्लोरिन असलेलं, विषारी वायू निघतात हे धड्यात आहे. पण मुलांच्या डोळ्यांसमोर रोज जळतो तो पाला, आणि ‘पानंच तर आहेत, नैसर्गिक आहेत’ असं घरीही म्हटलं जातं. पाला धुमसत जळतो, पूर्ण जळत नाही, त्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि अतिशय बारीक कण सुटतात. त्यातले अडीच मायक्रोमीटरच्या आतले कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून लहान असतात आणि फुफ्फुसात खोलवर जातात. पोस्टरवर एवढंच आलं: ‘धुरातले कण छातीत उतरतात.’

तिसऱ्या संदेशाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावला. ‘सेल कचऱ्यात टाकू नका’ असं म्हटल्यावर पाचवीच्या मुलीने लगेच विचारलं, ‘मग कुठे टाकायचे, बाई?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलेला संदेश भिंतीवर लावायला मन तयार होईना. मग पोस्टरसोबत एक डबा ठेवायचं ठरलं आणि त्या डब्याचे नियम करावे लागले. डबा पत्र्याचा नको, कोरडा प्लास्टिकचा हवा. सेलच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावूनच तो आत टाकायचा, कारण टोकं एकमेकांना लागली तर सेल तापतो. फुगलेला किंवा गळणारा सेल मुलांनी हाताळायचाच नाही, मोठ्यांना सांगायचं. पारा असलेल्या ट्यूब आणि सीएफएल दिवेही या डब्यात नाहीत. त्या फुटल्या तर पाऱ्याची वाफ बाहेर येते, म्हणून त्या मोठ्यांनीच न फोडता द्यायच्या. भरलेला डबा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थेकडे जाईल ही व्यवस्था आधी केली आणि मगच वाक्य लिहिलं: ‘जुने सेल डब्यात द्या’.

कारणात मुलांनी ‘सेलमध्ये पारा असतो’ असं लिहिलं होतं. आजच्या बहुतेक साध्या सेलमध्ये पारा घातलेला नसतो, हे त्यांना सांगावं लागलं. मोबाइलच्या लिथियम बॅटरीचा धोका वेगळा आहे. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली गेली की पेट घेऊ शकते. पाऱ्याऐवजी ते लिहिलं.

मग अक्षरांचा आकार. ठोकताळा असा आहे की दर तीन मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर आरामात वाचता येतं. आमची मागची रांग १२ मीटरवर बसते, म्हणजे दहा सेंटिमीटरचं अक्षर हवं. एका कार्डशीटची रुंदी ७१ सेंटिमीटर, म्हणजे ओळीत सहा-सात अक्षरं. तीन संदेश, तीन कारणं आणि चित्रं यांचं गणित एका शीटवर बसणं शक्य नव्हतं. आम्ही तीन, पाच आणि आठ सेंटिमीटरची अक्षरं कागदावर काढून भिंतीला लावली आणि मागे जाऊन बसलो. तीनच्या अक्षरात शब्द ओळखू येत होता, पण ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार नाहीसे झाले होते. पाचचं थोडं थांबून वाचता आलं, आठचं सहज. शिरोरेघेपासून खालपर्यंतची उंची मोजायची, वरच्या मात्रा-वेलांट्यांसाठी जागा वेगळी सोडायची, हेही तिथेच समजलं. स्केचपेनने काढलेलं आठचं अक्षर फिकट पडलं, म्हणून रेघ सेंटिमीटरभर जाड करून ब्रशने भरली.

शेवटी तीन कार्डशीट मागून पट्टीने जोडले. एका शीटवर एक संदेश आठ सेंटिमीटरचा, कारण पाच सेंटिमीटरचं. गुळगुळीत कागद सकाळच्या उन्हात चमकतो, म्हणून खडबडीत बाजू पुढे घेतली.

परिपाठाच्या दिवशी तरीही एक गोष्ट राहिली. तीन मुलं पोस्टर छातीपाशी धरून उभी राहिली आणि पुढच्या रांगांच्या डोक्यांमागे पोस्टरचा खालचा एक-तृतीयांश भाग, म्हणजे कारणांच्या ओळी, गेल्या. मुलं पायऱ्यांवर चढली तेव्हा त्या दिसल्या. दुपारी मी मधल्या सुट्टीत वेगवेगळ्या वर्गांतल्या मुलांना तिन्ही संदेश विचारले. पहिला आणि दुसरा बहुतेकांना शब्दशः आठवत होता. तिसऱ्याबद्दल चौथीतला एक मुलगा म्हणाला, ‘जुने सेल द्यायचे.’ कुठे, तर ‘तिथे, त्या माणसाला.’ आमच्या वाक्यात डबा होता, पण चित्रात डबा धरलेला मुलगा डब्यापेक्षा मोठा काढला होता. आता ते शीट पुन्हा रंगवतोय. डबा चित्राच्या मधोमध, पिवळा, आणि त्यात उतरणारा सेल, टोकाला पट्टी लावलेला. मुलाचा फक्त हात दिसेल.