रनवेच्या स्लाइडवर उधारी कुठे आहे?

"युनिट इकॉनॉमिक्स चांगलं आहे, तरी गुंतवणूकदार रनवेच्या स्लाइडवरच का अडतात?"

कारण रनवे म्हणजे हातातला पैसा किती महिने पुरेल ते, आणि बहुतेक वेळा त्या स्लाइडवर गिऱ्हाइकाकडची उधारी नसते. नागपुरातल्याच धंद्याचं उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही कळमन्यातून भाजी उचलून खानावळी आणि छोट्या हॉटेलांना पोचवता. सरासरी ऑर्डर 1,500 रुपयांची. माल 1,200 चा, पोचवणं 120, नासाडी आणि परत आलेला माल 70, निवड-पॅकिंग 30. ऑर्डरमागे उरतात 80 रुपये, हेच तुमचं युनिट इकॉनॉमिक्स. नासाडी आणि परत आलेला माल यात धरलाय, म्हणून हा आकडा मला पटतो. बरेच जण माल वजा करून उरलेले 300 दाखवतात आणि पहिल्याच प्रश्नाला गडबडतात.

आता तुम्ही दीड कोटी मागताय आणि रोजच्या 100 ऑर्डरी 200 वर न्यायच्या आहेत. 200 ऑर्डरींवर महिन्याला 4 लाख 80 हजार सुटतात. पगार, भाडं, विक्रीची माणसं असा स्थिर खर्च 12 लाख धरला, तर महिन्याची तूट 7 लाख 20 हजार. दीड कोटीला भागलं की जवळपास 21 महिने. स्लाइडवर हेच लिहिलेलं असतं.

पण अडत्याला पैसे रोख द्यावे लागतात आणि हॉटेलवाला 15 दिवसांनी देतो. रोजच्या 100 जादा ऑर्डरी म्हणजे दिवसाला दीड लाखाची जादा विक्री, म्हणजे 15 दिवसांचे साडेबावीस लाख बाजारात अडकले. नफा-तोट्याच्या पत्रकात ते कुठेच दिसत नाहीत, बँकेतून मात्र जातात. ते वजा केले की रनवे 18 महिन्यांच्या आत येतो. ऑर्डरी हळूहळू वाढतात, त्यामुळे सुरुवातीची तूट याहून मोठी असते. म्हणून सरळ भागाकार करू नका. दर महिन्याची अखेरची बँक-शिल्लक मांडा आणि तो तक्ता स्लाइडवर आणा.

निधीच्या विनियोगाची स्लाइडही याच तक्त्यातून निघाली पाहिजे. "मार्केटिंग 40 टक्के, टेक 30 टक्के" असं गोल चित्र मला अजिबात आवडत नाही, त्यातून काहीच तपासता येत नाही. साडेबावीस लाख खेळतं भांडवल ही ओळ तिथे वेगळी लिहा. विक्रीचा माणूस कोणत्या महिन्यात घेणार आणि त्यानंतर ऑर्डरी किती होणार, हेही लिहा.

शेवटी उधारी 15 वरून 25 दिवसांवर गेली तर काय, ते आधीच मोजून ठेवा. 200 ऑर्डरींवर आणखी 30 लाख अडकतात, म्हणजे चार महिन्यांहून जास्त रनवे गेला. त्यावर तुमचा उपाय माल पोचताच यूपीआयने पैसे देणाऱ्याला 1 टक्का सूट हा असेल, तर त्या ऑर्डरींवर 80 चे 65 होतात. तो 65 युनिट इकॉनॉमिक्सच्या स्लाइडवरही दिसू द्या.