हॉलिडे क्लबची मेंबरशिप रद्द करताना: ‘होल्डवर ठेवतो’ म्हणतात तेव्हा

मॉलमधलं लकी ड्रॉचं कूपन, मग हॉटेलात ‘दोघांनी मिळूनच या’ म्हणून बोलावणं, आणि शेवटी २५ वर्षांच्या मेंबरशिपवर सही. हा भाग सगळ्यांना पाठ असतो, म्हणून सोडून देते. सही रविवारी झाली आणि मंगळवारी आमचं दोघांचं एकमत झालं की हे नको. डाउन पेमेंट क्रेडिट कार्डावर गेलं होतं आणि बाकीच्या हप्त्यांसाठी बँकेचं ई-मँडेट दिलं होतं.

आपल्याकडे टाइमशेअरसाठी, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहण्याच्या अशा मेंबरशिपसाठी, परदेशासारखा वेगळा कायदा नाही. पैसे परत मिळण्याची मुदत तुमच्या करारात लिहिली असेल तीच. आमच्यात ती १० दिवसांची होती, मागच्या पानावर बारीक अक्षरात. ते कलम शांतपणे वाचा. मुदत पैसे भरल्यापासून मोजायची की करार हातात पडल्यापासून, आणि पत्र नुसतं पाठवून चालतं की मुदतीत पोचायला हवं, हे त्यातच असतं. आमच्यात पैसे भरल्याच्या तारखेपासून, आणि लेखी पत्र पोचायला हवं, असं होतं.

मी लगेच ईमेल केला. उत्तर आलं, ‘आपली विनंती नोंदवली आहे, आमचे प्रतिनिधी संपर्क करतील.’ खरा त्रास इथून सुरू झाला.

फोन करणारा मुलगा अतिशय गोड बोलायचा. “मॅडम, कॅन्सल तर होईलच, पण कारण काय लिहू?” मी म्हटलं, हप्ता झेपत नाही. लगेच स्वस्त सीझनचा प्लॅन निघाला. सुट्ट्या मिळत नाहीत म्हटलं, तर “दिवस पुढच्या वर्षी ढकलता येतात.” सासूबाईंची तब्येत सांगितली, तर “मग आपण तूर्तास होल्डवर ठेवू, घाई कशाला?” प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे एक ऑफर तयार असते. आणि होल्ड हा शब्द करारात कुठेच नव्हता. तिकडे दिवस मोजले जात होते. मग मी ठरवलं की कारण द्यायचंच नाही. कलमात कारण मागितलेलं नव्हतं.

मग त्यांनी यांना ऑफिसात फोन लावला. “सर, मॅडम तयार झाल्यात, फक्त तुमचं कन्फर्मेशन हवंय, मोबाइलवर ओटीपी येईल तो सांगा.” यांनी तिथूनच मला फोन केला म्हणून बरं झालं. तो ओटीपी बदललेल्या प्लॅनला मंजुरी देण्यासाठी होता. मेंबरशिप दोघांच्या नावावर असेल तर बोलणार एकच जण, हे घरात आधीच ठरवून घ्या, आणि रद्द करण्याच्या पत्रावर मात्र दोघांच्याही सह्या करा. एकाचीच सही असली की ‘अर्ज अपूर्ण’ म्हणायला जागा मिळते.

दुसऱ्या ईमेलमध्ये मी मोजून चार वाक्यं लिहिली. अमुक क्रमांकाची मेंबरशिप करारातल्या अमुक कलमानुसार मुदतीत रद्द करत आहोत. भरलेली रक्कम त्याच कार्डावर परत करावी. यापुढचा संपर्क फक्त ईमेलवर करावा. विक्रीसाठी फोन करण्याची आमची संमती मागे घेत आहोत. तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवलं आणि ते पोचल्याची ट्रॅकिंगची नोंद जपून ठेवली. त्यानंतर फोन आला की एकच उत्तर, “ईमेलवर लिहा.” मुलगा कितीही गोड असो.

एक राहिलंच. स्वागताच्या पाकिटात फुकट मुक्कामाचं व्हाउचर होतं. ते वापरू नका. आमच्या करारात एकही सुविधा वापरली तर परतावा नाही, असं स्पष्ट होतं. आणि मँडेट बँकेतून स्वतः रद्द करा, कंपनी करेल म्हणून थांबू नका. डाउन पेमेंट कार्डावर ईएमआयमध्ये बदललं असेल तर परतावा आल्यावर तो ईएमआय बंद करायला बँकेला वेगळं सांगा, नाहीतर व्याज चालूच राहतं.

मुदत संपल्यावर उत्तर आलं, ‘विनंती विचाराधीन आहे.’ तेव्हा मी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ते निकाल देत नाहीत, तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागतात. पण तक्रारीला आमच्या मुदतीतल्या ईमेलची आणि पोस्टाच्या नोंदीची प्रत जोडलेली होती. त्यानंतर विभाग बदलला, भाषा बदलली आणि प्रोसेसिंग चार्ज कापून बाकीचे पैसे कार्डावर आले. चार्ज करारात लिहिलेला होता, म्हणून त्यावर भांडले नाही. हेल्पलाइनने काम झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तिथे तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

विक्रीचे फोन मात्र नंतरही यायचे. १९०९ वर डीएनडी लावलं आणि नंबर व तारखेसह तक्रारीही केल्या, तेव्हा कमी झाले. आता वेगळ्याच नंबरांवरून “तुमची जुनी मेंबरशिप विकून देतो, आधी फक्त जीएसटी भरा” असे फोन येतात. आमची मेंबरशिप तर रद्द झाली आहे, तेव्हा विकणार काय, असं विचारलं की फोन कट.